साखर नसलेली तहान

चौतीस वर्षांची एक शिक्षिका. ती काल्पनिक आहे, पण या आजाराचे रुग्ण जी हकीकत सांगतात तीच तिची. एका मंगळवारी दुपारी तिला तहान लागली आणि ती काही केल्या भागेना. तहान कधी सुरू झाली हे असे वार धरून सांगणारे रुग्ण या आजारात पुष्कळ भेटतात. माठातलं पाणी तिला पुरेना, फ्रिजमधलं बर्फगार पाणीच हवंसं वाटू लागलं. रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठायचं, आणि प्रत्येक वेळी परतताना तांब्याभर पाणी प्यायचं. घरात सगळ्यांचं एकमत झालं, की ही शुगरच. तपासणी केली तर उपाशीपोटी साखर ९२. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. तिला सांगण्यात आलं, ‘काही नाही, पाणी जरा कमी पीत जा.’

या सल्ल्यात मोठा धोका आहे. तिला खरोखरच डायबेटिस होता, फक्त साखरेचा नव्हता.

डायबेटिस हा मुळातला ग्रीक शब्द, अर्थ ‘आरपार वाहून जाणं’. आत गेलेलं पाणी तसंच बाहेर पडतं, एवढंच त्या नावात आहे. साखरेचा त्यात उल्लेखही नाही. जुन्या काळी वैद्य लघवीची चव घेऊन निदान करत. गोड लागली तर ‘मेलिटस’, म्हणजे मधासारखी. बेचव लागली तर ‘इन्सिपिडस’. पहिला आजार इतका पसरला, की डायबेटिस म्हणजे साखर हे समीकरण पक्कं झालं आणि त्याचा बेचव भाऊबंद विस्मरणात गेला.

दोन्हींत तहान तीच, लघवीच्या फेऱ्याही त्याच. आतली गोष्ट मात्र अगदी वेगळी. मधुमेहात रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली, की मूत्रपिंडाला ती सगळी परत घेता येत नाही. उरलेली साखर लघवीत उतरते आणि आपल्यासोबत पाणी ओढून नेते. दुसऱ्या आजारात पाण्याला ओढणारं असं काहीच नसतं. तिथे पाणी अडवणारं दारच बिघडलेलं असतं.

हे दार समजून घेण्याजोगं आहे. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग लगेच परत घेतला जातो. शेवटच्या टप्प्यावर, लघवी गोळा करणाऱ्या बारीक नळ्यांत, किती पाणी राखायचं आणि किती सोडायचं हे मेंदू ठरवतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. रक्त एक-दोन टक्के जरी दाट झालं तरी तिथल्या पेशींना ते कळतं. तिथेच तयार झालेलं एडीएच हे संप्रेरक खालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात साठवलेलं असतं, ते रक्तात सुटतं. याचंच दुसरं नाव व्हॅसोप्रेसिन. मूत्रपिंडात ते पोचलं, की त्या नळ्यांच्या पेशींत दडलेल्या पाण्याच्या सूक्ष्म वाहिन्या पृष्ठभागावर येतात आणि पाणी त्यांतून परत शरीरात शिरतं. पेशींमधल्या या वाहिन्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एडीएच आलंच नाही, किंवा आलं पण मूत्रपिंडाने त्याला दाद दिली नाही, तर त्या वाहिन्या पेशींच्या आतच राहतात. मग लघवी जवळजवळ नितळ पाण्यासारखी होते आणि दिवसाला पाच, दहा, कधी पंधरा लिटरही होते. रक्त दाट होऊ लागतं, मेंदू तहानेची हाक देतो, माणूस पाणी पितो. म्हणजे ही तहान आजारावरचा उताराच आहे. पाणी हाताशी असेतो रक्तातलं सोडियम बहुधा ठीक राहतं आणि साधे रिपोर्ट निर्दोष येतात. पाणी तोडलं, की काही तासांत ते बिघडू लागतं.

आपल्या शिक्षिकेची लघवी शेवटी दिवसभर मोजली, ती भरली नऊ लिटर. तिचं विशिष्ट गुरुत्व १.००२, म्हणजे साध्या पाण्याच्या अगदी जवळ. (मधुमेहात लघवी कितीही झाली तरी साखरेमुळे ती जड राहते.) आता प्रश्न उरले तीन. मेंदू एडीएच बनवत नाही? मूत्रपिंड ते ऐकत नाही? की ही बाई सवयीनेच फार पाणी पिते आणि म्हणून लघवी पातळ होते?

यासाठी पाणी बंद ठेवून चाचणी करतात. ती रुग्णालयातच, डॉक्टरांच्या नजरेखालीच करायची. घरी कधीही करून पाहू नये. सकाळी सातला तिचं वजन ५८ किलो होतं. दर तासाला वजन आणि लघवी मोजली जात होती, मधूनमधून रक्त तपासलं जात होतं. अकरा वाजता वजन ५६.६वर आलं. सोडियम १४३वरून १४८वर चढलं. निरोगी माणसाची लघवी एव्हाना पिवळीधमक आणि थेंबभर झाली असती. तिच्या लघवीची दाटी मात्र ११०वरून जेमतेम १४०वर गेली. ओठ कोरडे, लक्ष सगळं पाण्याच्या बाटलीवर. सवयीने पाणी पिणाऱ्याची लघवी इथवर दाट झाली असती, म्हणजे ती शक्यता गेली. वजनात तीन टक्क्यांहून अधिक घट झाली तर चाचणी तिथेच थांबवतात, पण इथे उत्तर त्याआधीच मिळालं होतं. मग डेस्मोप्रेसिनचं इंजेक्शन दिलं. हे एडीएचचंच कृत्रिम रूप. दोन तासांनी लघवीची दाटी ४८०. मूत्रपिंड हुकूम पाळायला तयार होतं, हुकूमच येत नव्हता.

हुकूम का थांबला, ते एमआरआयमध्ये शोधावं लागतं. पिट्युटरीजवळची गाठ, डोक्याला बसलेला मार, त्या भागातली शस्त्रक्रिया, क्षयासारखा संसर्ग, किंवा शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच केलेला हल्ला, यांतलं काहीही असू शकतं. हिच्या बाबतीत पिट्युटरीचा देठ जाड झालेला दिसला. त्याचं कारण शोधणं आणि वर्षानुवर्षं लक्ष ठेवणं आलं. मूत्रपिंडच ऐकत नसतं, तर वेगळी कारणं पाहिली असती. मानसिक आजारावर दीर्घकाळ घेतलेलं लिथियम, रक्तात वाढलेलं कॅल्शियम, किंवा तान्ह्या मुलग्यांत आईकडून आलेला जनुकीय दोष. त्या प्रकारात डेस्मोप्रेसिनचा फारसा उपयोग होत नाही.

नावातला ‘डायबेटिस’ शब्द प्रत्यक्षात किती महाग पडतो, याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. २००९ साली लंडनमधल्या एका रुग्णालयात बावीस वर्षांचा तरुण कंबरेच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला. त्याला हाच आजार होता. रोजचं औषध दिलं गेलं नाही. तहानेने कासावीस होऊन त्याने वॉर्डातून पोलिसांना फोन केला, तरी त्याचं म्हणणं कोणाला कळलं नाही. शरीरातलं पाणी संपून तो गेला. २०२२ साली जगभरच्या तज्ज्ञ संघटनांनी नाव बदलायचं ठरवलं. आता मेंदूकडच्या प्रकाराला ‘व्हॅसोप्रेसिनची कमतरता’ आणि मूत्रपिंडाकडच्या प्रकाराला ‘व्हॅसोप्रेसिनला प्रतिरोध’ म्हणायचं. मला हा बदल फार उशिरा झाला असं वाटतं, पण झाला हे चांगलंच.

आपल्या शिक्षिकेला डेस्मोप्रेसिनची गोळी सुरू झाली आणि पहिल्याच रात्री ती सलग झोपली. आता धोका उलट बाजूचा होता. गोळीने दार बंद असताना जुन्या सवयीने पाणी पीत राहिलं, तर ते शरीरात साठतं, सोडियम खाली घसरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि फार घसरलं तर झटके येतात. म्हणून तिला सांगितलंय, की तहान लागली तरच पाणी प्यायचं, आणि आठवड्यातून एकदा गोळी मुद्दाम उशिरा घ्यायची. त्या सकाळी दोन-तीनदा भरपूर, नितळ लघवी होऊन साठलेलं पाणी निघून गेलं, की मगच गोळी. तिने त्यासाठी रविवार ठरवलाय. शाळा नसते, आणि न्हाणीघर हाताशी असतं.