उरलेले शेअर कोणाच्या अंगावर?

१९८० आणि ९० च्या दशकांत नव्या शेअरविक्रीचे अर्ज छापील असत आणि मुंबईच्या फोर्ट भागात, दलाल स्ट्रीटच्या आसपास, त्यांचे गठ्ठे फुटपाथवरही मिळत. अर्जाच्या वरच्या बाजूला एक छोटा चौकोन असे. त्यात दलालाचा किंवा अंडररायटरचा शिक्का बसे. नाव, पत्ता, चेक नंबर भरण्याच्या गडबडीत अर्जदाराचे तिकडे लक्षही जात नसे. शेअरविक्री धो धो चालली, तर त्या शिक्क्यावर फार तर दलाली ठरे. विक्री फसली, की मात्र कोणत्या पेढीने किती लाख रुपये मोजायचे याचा निकाल त्याच शिक्क्यावर लागे.

कंपनी लोकांकडून भांडवल मागते तेव्हा प्रतिसाद किती मिळेल हे कोणालाच आधी ठाऊक नसते. नियामकाची अट मात्र पक्की असते. सेबीच्या नियमांनुसार साधारणपणे विक्रीच्या किमान ९० टक्के अर्ज यावे लागतात. न आल्यास जमा झालेले सगळे पैसे परत. यंत्रांची ऑर्डर देऊन बसलेल्या कंपनीला हा धोका परवडत नाही. म्हणून ती आधीच काही वित्तसंस्थांशी किंवा दलाल पेढ्यांशी करार करते: लोकांनी घेतले नाहीत ते शेअर तुम्ही घ्यायचे, या हमीबद्दल आम्ही तुम्हाला कमिशन देऊ. हमी देणारा तो अंडररायटर. २०१३ च्या कंपनी कायद्याखालील नियमांनी शेअरसाठी या कमिशनला विक्री-किमतीच्या ५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. कंपनीच्या नियमावलीत याहून कमी दर असेल, तर तोच चालतो. विक्री पूर्ण झाली तरी कमिशन मिळतेच. विम्याच्या हप्त्यासारखा हा व्यवहार आहे.

हमीदार एकच असेल तर हिशेब सोपा. विक्रीतून आलेले अर्ज वजा करायचे, उरेल ते त्याचे. पण मोठी विक्री एकटा कोणी अंगावर घेत नाही. दोन-चार जण वाटून घेतात आणि तिथून गुंता सुरू होतो. एखाद्या हमीदाराने आपल्या गिऱ्हाइकांच्या मागे लागून ढीगभर अर्ज आणले आणि दुसरा हातावर हात ठेवून बसला, तर दोघांवर सारखाच भार टाकणे अन्याय होईल. म्हणून शिक्का. ज्याच्या शिक्क्याचा अर्ज, त्याच्या खात्यावर जमा. हे मार्क्ड अर्ज. ज्यांवर कोणाचाच शिक्का नाही, म्हणजे लोकांनी जाहिरात वाचून थेट भरले, ते अनमार्क्ड. ते कोणा एकाच्या मेहनतीचे नसल्यामुळे सर्वांत त्यांच्या हमीच्या प्रमाणात वाटले जातात.

आणखी एक प्रकार आहे, फर्म अंडररायटिंग. यात हमीदार सांगतो की लोकांनी कितीही अर्ज करोत, इतके शेअर मी घेणारच. विक्रीला दहापट मागणी आली तरी ते त्याला द्यावे लागतात आणि मागणी आली नाही तरी ते त्याला घ्यावे लागतात. ज्याची हमी आहे तोच स्वतःचे पैसेही घालतो आहे, हे दिसले की गुंतवणूकदाराला धीर येतो. खरा प्रश्न पुढचा आहे: विक्री अपुरी राहिली, तर हे पक्के शेअर त्याच्या एकट्याच्या भारातून वजा करायचे, की त्यांचा फायदा सगळ्यांनी वाटून घ्यायचा?

आकडे घेतल्याशिवाय हा प्रश्न कळत नाही. समजा, वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी प्रत्येकी १०० रुपयांचे १० लाख शेअर काढते. पूर्ण विक्रीची हमी तिघांनी घेतली आहे. एका वित्तसंस्थेने ५ लाख, मुंबईच्या पेढीने ३ लाख आणि पुण्याच्या पेढीने २ लाख. याखेरीज पक्के शेअर म्हणून वित्तसंस्थेने २० हजार आणि मुंबईच्या पेढीने ६० हजार घेण्याचे कबूल केले आहे. पुण्याच्या पेढीने असे काही कबूल केलेले नाही.

विक्री बंद होते तेव्हा लोकांकडून फक्त ७ लाख शेअरचे अर्ज आलेले असतात. त्यांपैकी वित्तसंस्थेच्या शिक्क्याचे २ लाख २० हजार, मुंबईच्या पेढीचे १ लाख ८४ हजार आणि पुण्याच्या पेढीचे १ लाख ९६ हजार. पुणेकरांनी चांगलीच धावपळ केलेली दिसते. उरलेले १ लाख बिनशिक्क्याचे. म्हणजे ३ लाख शेअर, ३ कोटी रुपयांचे, तिघांपैकी कोणाच्या तरी गळ्यात पडणार.

करारात लिहिले आहे की पक्क्या शेअरचा फायदा ज्याचा त्याला, असे आधी धरू. मग बिनशिक्क्याचे १ लाख अर्ज ५:३:२ या प्रमाणात वाटले जातात: ५० हजार, ३० हजार, २० हजार. वित्तसंस्थेच्या ५ लाखांतून तिचे शिक्क्याचे अर्ज, हे ५० हजार आणि तिचे पक्के २० हजार वजा केले की २ लाख १० हजार उरतात. मुंबईच्या पेढीचे त्याच रीतीने २६ हजार उरतात. पुण्याच्या पेढीचे गणित मात्र उलट्या बाजूला जाते. तिची हमी २ लाखांची आणि खात्यावर जमा झाले २ लाख १६ हजार. हे जादा १६ हजार तिला काही मिळवून देत नाहीत. ते उरलेल्या दोघांना ५:३ प्रमाणात मिळतात, म्हणजे १० हजार आणि ६ हजार. त्यामुळे वित्तसंस्थेवर २ लाख आणि मुंबईवर २० हजार राहतात. त्यांत पक्के शेअर मिळवले की अंतिम आकडे येतात: वित्तसंस्था २ लाख २० हजार, मुंबई ८० हजार, पुणे शून्य.

आता करारातली तेवढीच एक ओळ बदलू. पक्के शेअर बिनशिक्क्याच्या अर्जांसारखे धरायचे, असे ठरले होते म्हणू. १ लाखात पक्के ८० हजार मिळवून १ लाख ८० हजार वाटायचे: ९० हजार, ५४ हजार, ३६ हजार. वित्तसंस्थेचे उरतात १ लाख ९० हजार, मुंबईचे ६२ हजार आणि पुण्याकडे जादा होतात ३२ हजार. ते जादा दोघांत वाटून पक्के शेअर मिळवले की वित्तसंस्थेवर १ लाख ९० हजार, मुंबईवर १ लाख १० हजार, पुण्यावर पुन्हा शून्य.

लोकांचे अर्ज तेच, शिक्के तेच, एकूण तूट तीच ३ लाखांची. तरी मुंबईच्या पेढीला ३० हजार शेअर, म्हणजे ३० लाख रुपये जास्त मोजावे लागले. ६० हजार शेअर पक्के घेण्याची हिंमत तिने दाखवली आणि त्या हिंमतीचा मोठा वाटा दुसऱ्यांच्या भारातून कमी झाला. कमिशनचा दर अडीच टक्के धरला, तर ३ कोटींच्या हमीवर तिची कमाई साडेसात लाख. तिच्या चौपट रकमेचा फरक एका कलमाने पाडला. या उदाहरणात सगळ्यांत सुखी पुण्याची पेढी. पाच लाख कमिशन खिशात आणि एकही शेअर नाही. अर्थात तेवढे अर्ज गोळा करायला तिने जोडे झिजवले, हेही खरे.

असा हिशेब तपासण्याची एक सोपी खूण आहे. प्रत्येकाच्या अंतिम भारात त्याचे पक्के शेअर मिळवून सगळ्यांची बेरीज करायची. ती विक्रीतून लोकांचे अर्ज वजा केल्यावर उरणाऱ्या आकड्याइतकी यायलाच हवी. इथे दोन्ही वेळा ३ लाखच आले. बेरीज कमी भरली, तर बहुतेकदा एकच चूक सापडते. हमीदाराने आपल्या पक्क्या शेअरचा अर्जही स्वतःचा शिक्का मारून भरलेला असतो, तो शिक्क्याच्या अर्जांत मोजला जातो आणि नंतर पक्के शेअर म्हणून पुन्हा वजा होतो. वाणिज्य शाखेच्या परीक्षेत ‘मार्क्ड अर्जांत फर्म अंडररायटिंगचा समावेश आहे’ असे एखादे वाक्य प्रश्नाच्या तळाशी दडवलेले असते, ते यासाठीच.

कागदावरचा भार खरोखर अंगावर आला की काय होते, हे लंडनने ऑक्टोबर १९८७ मध्ये पाहिले. ब्रिटिश सरकार बीपी या तेल कंपनीतला आपला हिस्सा विकत होते. रक्कम सुमारे ७.२ अब्ज पौंड. भाव ३३० पेन्स ठरला, हमीच्या करारांवर सह्या झाल्या आणि काही दिवसांतच, १९ ऑक्टोबरच्या सोमवारी, जगभरचे शेअर बाजार कोसळले. विक्री अजून बंद व्हायची होती. बाजारात स्वस्त मिळणारा शेअर सरकारकडून महाग कोण घेणार? ब्रिटनमधल्या हमीदारांनी आपला भार पुढे शेकडो छोट्या हमीदारांत वाटून टाकला होता. अमेरिकी बँकांनी तसे केले नव्हते, त्यामुळे त्यांना फटका थेट बसला. विक्री रद्द करा, असा आग्रह झाला. अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी तो मानला नाही; हमीसाठी पैसे घेतले आहेत तर हमी पाळा, अशी त्यांची भूमिका होती. सवलत एवढीच दिली की १२० पेन्सचा पहिला हप्ता भरलेला शेअर कोणाला नकोच असेल, तर बँक ऑफ इंग्लंड तो ७० पेन्सला परत घेईल. पडलेल्या भावात कुवेतच्या सरकारी गुंतवणूक संस्थेने मात्र बीपीचा पाचव्या भागाहून जास्त हिस्सा गोळा केला.

भारतात १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अंडररायटिंग सक्तीचे होते, नंतर ते ऐच्छिक झाले. हमीदाराने झेपेल त्याहून जास्त उचलू नये म्हणून सेबीच्या १९९३ च्या नियमावलीने एकूण हमीवर निव्वळ मालमत्तेच्या वीसपटीची मर्यादा घातली आणि अंगावर आलेले शेअर घेण्यासाठी ४५ दिवसांची मुदत दिली. आता अर्जाचे पैसे बँक खात्यातच अडवून ठेवले जातात, फुटपाथवरचे गठ्ठे गेले, बोली लावून भाव ठरवण्याची पद्धत आली. मोठ्या विक्रींत हमीचा करार बहुधा बोली संपून भाव ठरल्यावर होतो, म्हणजे जोखीम जवळपास संपलेली असते.

खरी हमी टिकून आहे ती लहान उद्योगांच्या विक्रीत. मुंबई आणि राष्ट्रीय शेअर बाजारांच्या एसएमई विभागात विक्रीची शंभर टक्के हमी सक्तीची आहे आणि त्यातला किमान १५ टक्के भाग विक्री सांभाळणाऱ्या मर्चंट बँकरने स्वतःच्या खात्यावर घ्यावा लागतो. अशा विक्रीच्या माहितीपुस्तिकेत अंडररायटिंगचे एक पान असते. कोणी किती शेअरची हमी घेतली याचा तक्ता तिथे छापलेला असतो. मर्चंट बँकरने किमान १५ टक्क्यांवर भागवले आहे, की पूर्ण भार स्वतः उचलला आहे, हे त्या तक्त्यात दिसते.