एक स्टिक की दोन?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असो की आपल्या गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात, स्वस्तातला गेमिंग पीसी जोडून मागितला की कोटेशनमध्ये बऱ्याचदा एक ओळ हमखास असते : रॅम १६ जीबी, एक स्टिक. दुकानदाराचं कारणही तयार असतं. ‘दुसरा स्लॉट मोकळा राहतो, पुढे वाढवता येईल.’ ऐकायला पटतं. पण त्या पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर या एका ओळीने गेमचा वेग तिथल्या तिथे कमी केलेला असतो.

उदाहरणाला एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेऊ. २०२१ साली आलेला हा प्रोसेसर कमी बजेटच्या पीसींमध्ये अजूनही दिसतो, कारण ग्राफिक्सचा भाग त्याच्या पोटातच आहे. पण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही. ग्राफिक्स कार्डावर व्हिडिओ मेमरी वेगळी असते. इथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघेही एकाच रॅमवर जगतात.

त्या रॅममधून किती माल सुटतो, हे कागदावर काढता येतं. डीडीआर४ रॅमवर ३२०० लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला ३२० कोटी वेळा देवाणघेवाण. दर वेळी एका चॅनेलमधून ८ बाइट जातात. गुणाकार केला की सेकंदाला २५.६ जीबी. स्टिक दोन असतील आणि योग्य जागी असतील, तर दोन चॅनेल एकाच वेळी चालतात आणि आकडा ५१.२ वर जातो. पंगतीत वाढपी कितीही चपळ असला तरी एकट्याने त्याला मर्यादा आहे. दुसरा आला की पानं रिकामी राहत नाहीत. तुलनेसाठी सांगायचं, तर जीटीएक्स १६५०सारख्या साध्या कार्डाच्या पहिल्या आवृत्तीतही स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला १२८ जीबी होता. म्हणजे दोन स्टिक लावूनही ५६००जी तसा अर्धपोटीच असतो.

आता हे एका फ्रेमच्या हिशेबात बघू. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका स्टिकवर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला साधारण ४३० एमबी येतात, दोन स्टिकवर ८५०. १०८०पीचं एक पूर्ण चित्र जेमतेम ८ एमबीचं असतं, मग एवढ्या मेमरीची गरज कशाला, असं वाटेल. पण ते चित्र एका दमात तयार होत नाही. भिंतींचे, कपड्यांचे, गवताचे टेक्श्चर वाचायचे, सावल्यांचं वेगळं चित्र काढायचं, कुठली वस्तू पुढे आणि कुठली मागे याची नोंद ठेवायची, प्रकाशाचा हिशेब करून पुन्हा त्याच ठिकाणी लिहायचं. ही ये-जा फ्रेममागे कित्येकदा होते. शिवाय त्याच ४३० एमबीतून प्रोसेसरलाही हिस्सा द्यायचा असतो. म्हणून अशा पीसीत दुसरी स्टिक लावल्यावर फ्रेमचा आकडा अनेक गेममध्ये तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त वाढतो. प्रोसेसर बदलूनही एवढा फरक पडेलच असं नाही.

पैसे खर्चूनही वेग मिळत नाही, याची दोन नेहमीची कारणं आहेत. पहिलं जागेचं. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोन स्टिक शेजारी-शेजारी खोचल्या, तर त्या सहसा एकाच चॅनेलवर जातात. प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट घ्यायचा. बोर्डावर तिथे बहुधा A2 आणि B2 छापलेलं असतं. दुसरं कारण बायोसमधलं. ३२००ची म्हणून घेतलेली रॅम पहिल्यांदा सुरू होताना अनेकदा २१३३ किंवा २६६६वर चालते. लेबलवरचा वेग मिळवायला बायोसमध्ये जाऊन XMP किंवा DOCP नावाचा पर्याय चालू करावा लागतो, आणि तो कुणी चालू केलेला नसतो. २१३३वर चालणारी एकच स्टिक सेकंदाला १७ जीबी देते, म्हणजे त्याच पीसीला मिळू शकणाऱ्या वेगाच्या बरोबर एक तृतीयांश.

पीसी न उघडता हे तपासता येतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये Performance आणि त्यात Memory उघडलं की Speed आणि Slots used दिसतं. सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर चॅनेलही दाखवतं. तिथे वेग १६०० दिसला तर घाबरू नये; ते ३२००चं निम्मं आहे आणि बरोबर आहे. सीएल१६ की सीएल१८ या वादात मात्र कमी बजेटवाल्याने डोकं घालू नये.

मग व्हिडिओ मेमरीचं काय? ५६००जीसाठी बायोसमध्ये UMA Frame Buffer Size नावाची नोंद असते. तिथे २ जीबी ठरवले की तेवढी रॅम ग्राफिक्ससाठी राखून ठेवली जाते आणि टास्क मॅनेजरमध्ये Hardware reserved म्हणून दिसते. फायदा इतकाच की व्हिडिओ मेमरी कमी आहे म्हणून कुरकुरणारा एखादा गेम सुरू होतो. आकडा वाढवून वेग वाढेल ही समजूत चुकीची, कारण राखलेली मेमरीही त्याच स्टिकवरची. एकूण रॅम ८ जीबी असेल, तर उरलेल्या ६ जीबीत विंडोज आणि गेम दोघांना कोंबावं लागतं आणि उलट गेम अडखळतो. त्यामुळे ८ जीबीच्या दोन स्टिक, ही या पीसीची खरी सुरुवात.

पुढे हाती पैसे आले की माणूस कार्ड घेतो, आणि तिथे मेमरीचा प्रश्न रूप बदलतो. रॅमच्या दोन चॅनेलचं महत्त्व कमी होतं, संपत नाही. कार्डावरची मेमरी किती, हा मुद्दा पुढे येतो. समजा ४ जीबीचं आरएक्स ६५०० एक्सटी बसवलं. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला १४४ जीबी देते. गेमने ४ जीबीपेक्षा जास्त मागितले की उरलेला माल साध्या रॅममध्ये जातो आणि पीसीआय-एक्स्प्रेसच्या वाटेने आणावा लागतो. हे कार्ड त्या वाटेच्या चारच लेन वापरतं, आणि ५६००जी पीसीआय-एक्स्प्रेस ३.०च्या पुढे जात नाही, म्हणून वाट उरते सेकंदाला सुमारे ४ जीबीची. गेममध्ये वळण घेतलं आणि अचानक २०० एमबीचे टेक्श्चर लागले, तर ते यायला ५० मिलिसेकंद जातात. ६० फ्रेमच्या वेगात एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. म्हणजे तीन फ्रेम तिथेच गेल्या.

म्हणूनच हे दुखणं सरासरीत दिसत नाही. आकडा ६० दाखवतो आणि हाताला झटके जाणवतात, विशेषतः नव्या भागात शिरताना किंवा कॅमेरा झटकन फिरवताना. खात्रीसाठी टास्क मॅनेजरच्या GPU पानावर Dedicated GPU memory बघावी. ती ४ला टेकलेली असेल आणि शेजारची Shared GPU memory चढत असेल, तर कारण सापडलं. काही गेम झटका न देता गुपचूप धूसर टेक्श्चर दाखवतात, तेव्हा आकड्यांपेक्षा भिंती बघाव्यात.

यावर पहिला उपाय म्हणून लोक रिझोल्यूशन कमी करतात. त्याने ग्राफिक्सचं काम हलकं होतं, मेमरी मात्र फारशी मोकळी होत नाही. ‘जीटीए फाइव्ह’च्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये व्हिडिओ मेमरीची पट्टी दिसते. Texture Quality एक पायरी खाली आणली की ती किती मागे सरकते, हे एकदा बघण्यासारखं आहे. उलटही खरं : मेमरीत जागा असेल, तर वरचे टेक्श्चर ठेवल्याने वेग क्वचितच घटतो, तेव्हा ते उगाच खाली आणू नयेत.

५६००जीवाल्याने कार्ड निवडताना मात्र मेमरी आणि लेन दोन्ही विचाराव्यात. आरएक्स ६६००वर ८ जीबी आहेत आणि लेनही आठ. जुन्या बोर्डावरही ते इतकं अडत नाही. दुकानात विचारताना नुसतं ‘किती जीबीचं?’ एवढ्यावर थांबलं, तर लेनची गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही.