जॉइन झालात? रिक्रूटरला लेखी कळवा

नवी नोकरी लागली, पहिला पगारही झाला, तरी रिक्रूटरचे फोन सुरूच. भर मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतं, "नोटीस पिरियड किती आहे? सीटीसी किती?" आयटीतल्या बहुतेकांना हा अनुभव आहे.

समजा, हिंजवडीतल्या एका टेस्टरने एप्रिलमध्ये राजीनामा दिला. जॉब पोर्टलवर तिने ‘नोटीस पिरियड सुरू’ असं नोंदवलं आणि जुलैत ती नव्या कंपनीत रुजू झाली. प्रोफाइल मात्र तसंच राहिलं. आयटीत 60 ते 90 दिवसांची नोटीस सर्रास असते. त्यामुळे लवकर येऊ शकणाऱ्या उमेदवाराला मोठी मागणी असते आणि रिक्रूटर शोधताना नेमकी हीच चाळणी लावतात. म्हणून आधी प्रोफाइल बदलायचं: नवी कंपनी, नवा नोटीस पिरियड. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ असेल तर तेही बंद करायचं.

पण तेवढ्याने भागत नाही. तोवर तिचा बायोडेटा कन्सल्टन्सीच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये किंवा एक्सेल शीटमध्ये उतरलेला असतो. फोनवर "मी जॉइन झाले" म्हटलं, तर त्या रिक्रूटरला कळतं, पण त्याने ते नोंदवलंच असेल असं नाही. पुढच्या जागेसाठी त्याचाच सहकारी ती यादी उघडतो आणि फोन पुन्हा वाजतो.

म्हणून मेल करावा, जुन्या मेललाच उत्तर म्हणून. मजकूर एवढाच पुरे:

"नमस्कार. मी 1 जुलैपासून दुसऱ्या कंपनीत रुजू झाले आहे आणि सध्या नोकरी शोधत नाही. आपल्या डेटाबेसमध्ये तशी नोंद करून माझं नाव चालू संपर्कयादीतून काढावं. माझा बायोडेटा कुठल्या क्लायंटकडे गेला असल्यास तो मागे घ्यावा आणि यापुढे मला विचारल्याशिवाय पाठवू नये. नोंद शोधण्यासाठी माझा मोबाइल नंबर आणि ईमेल खाली दिला आहे. कृपया नोंद झाल्याचं कळवावं."

बायोडेटावर जो नंबर होता तोच इथे द्या. नोंद त्यावरूनच सापडते. क्लायंटचं वाक्य गाळू नका. तिकडे पडून असलेल्या बायोडेटावरून महिन्याभराने इंटरव्ह्यूची वेळ ठरू शकते. नव्या कंपनीचं नाव आणि पगार विचारला जाईल. तो सांगण्याचं बंधन नाही.

यादीतून काढणं वेगळं आणि माहिती पुसून टाकणं वेगळं. दोन-तीन वर्षांनी पुन्हा नोकरी बदलायचा विचार असेल तर पहिलंच मागावं. संबंध कायमचा नको असेल तर तसं स्पष्ट लिहावं. दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क 2023च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने मान्य केला आहे.

एका कन्सल्टन्सीला केलेला मेल दुसरीला लागू होत नाही. ज्यांच्याशी बोलणी झाली होती त्या प्रत्येकीला तो पाठवा, आणि शक्यतो रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात.