पपनस, मोसंबी आणि रक्तदाबाची गोळी

अ‍ॅम्लोडिपीन ही रक्तदाबाची गोळी जगभर घेतली जाते. पण ग्रेपफ्रूटबद्दल तिची माहितीपत्रके सगळीकडे एकच सांगत नाहीत. ब्रिटनमधल्या पत्रकात लिहिलेले असते, की ही गोळी चालू असताना ग्रेपफ्रूट किंवा त्याचा रस घेऊ नये, कारण काही रुग्णांच्या रक्तातले औषध वाढू शकते. अमेरिकेतले पत्रक मात्र म्हणते, की या रसाचा अ‍ॅम्लोडिपीनच्या रक्तातल्या प्रमाणावर परिणाम होत नाही. औषध तेच, फळ तेच, तरी सल्ला वेगळा. हे कोडे सुटते ते अ‍ॅम्लोडिपीनच्या एका भावंडामुळे. त्याचे नाव फेलोडिपीन.

कॅनडातल्या लंडन शहरात डेव्हिड बेली हे औषधशास्त्रज्ञ १९८०च्या दशकाच्या अखेरीस एक साधा प्रश्न तपासत होते. फेलोडिपीनसोबत दारू घेतली तर काय होते? (हेच बेली १९६६मध्ये एक मैल चार मिनिटांच्या आत धावणारे पहिले कॅनडावासी ठरले होते.) प्रयोगात सहभागी झालेल्यांना आपण दारू घेतली की नुसता रस, हे कळू द्यायचे नव्हते. त्यासाठी दारूची चव झाकणारे पेय हवे होते. घरच्या फ्रिजमधली पेये चाखून पाहिल्यावर ग्रेपफ्रूटचा रस त्या कामाचा ठरला.

निकाल आले तेव्हा दारूचा प्रश्न मागेच पडला. दारू घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही वेळी रक्तातले फेलोडिपीन आधीच्या अभ्यासांपेक्षा कितीतरी जास्त होते. आधी मोजमापातच चूक असावी असे वाटले. पण दोन्हीकडे समान असलेली गोष्ट होती ती रस. मग बेलींनी स्वतःच एकदा पाण्यासोबत आणि एकदा ग्रेपफ्रूटच्या रसासोबत गोळी घेऊन पाहिली. रसासोबत त्यांच्या रक्तातले औषध सुमारे पाचपट भरले.

१९९१मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांच्या गटाचा छोटा अभ्यास आला. रक्तदाब किंचित वाढलेले सहा पुरुष, तीच गोळी, आणि पाणी, संत्र्याचा रस किंवा ग्रेपफ्रूटचा रस. संत्र्याच्या रसाने काही फरक पडला नाही. ग्रेपफ्रूटच्या रसासोबत मात्र रक्तात पोहोचलेले फेलोडिपीन सरासरी २.८४ पट झाले. कोणात ही वाढ दीडपटीच्या थोडी पुढे होती, तर कोणात साडेचारपटीहून अधिक. रक्तदाब जास्त उतरला, नाडी वाढली आणि डोके दुखण्यासारख्या तक्रारीही वाढल्या.

रसात असे काय आहे? लहान आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशींमध्ये सीवायपी३ए४ नावाचे एक विकर असते. अन्नासोबत आलेले अनेक परके रेणू ते तिथेच मोडून टाकते, आणि जे निसटतात त्यांची गाठ यकृतात पुन्हा याच विकराशी पडते. एखाद्या नाक्यावर मालाच्या काही भागाची जकात कापून घ्यावी, तसा औषधाचा काही भाग रक्तात पोहोचण्याआधीच कापला जातो. औषधाची मात्रा ठरवताना कंपन्यांनी ही कपात धरलेलीच असते. म्हणजे दहा मिलिग्रॅमची गोळी लिहिली, तरी शरीरभर फिरणारे औषध दहा मिलिग्रॅम असेल असे कुणी समजत नाही.

ग्रेपफ्रूटमध्ये फ्युरॅनोकुमॅरिन गटातली बर्गामोटिनसारखी द्रव्ये असतात. ती या विकराला नुसते अडवून ठेवत नाहीत, कायमचे निकामी करतात. १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा निरोगी पुरुषांना काही दिवस रोज तीन पेले रस दिला आणि आतड्याच्या अस्तराचे नमुने तपासले. तिथले हे विकर ६२ टक्क्यांनी घटलेले आढळले. यकृतातल्या विकराला मात्र धक्का लागला नव्हता. नेहमीच्या प्रमाणात प्यायलेल्या रसाचा हल्ला मुख्यतः आतड्यापुरता राहतो. म्हणूनच फेलोडिपीन शिरेतून दिले, तर रसाचा परिणाम दिसत नाही.

विकर निकामी झाले, की पेशीला ते नव्याने तयार करावे लागते. त्यामुळे सकाळी रस आणि रात्री गोळी अशी विभागणी फारशी उपयोगी पडत नाही. फेलोडिपीनच्या बाबतीत रसानंतर दहा तासांनी गोळी घेतली तरी सुमारे निम्मा परिणाम उरलेला असतो, आणि चोवीस तासांनीही पाव.

आता अ‍ॅम्लोडिपीनकडे वळू. दोन्ही गोळ्या एकाच घराण्यातल्या. दोन्हींचे काम एकच: रक्तवाहिन्यांच्या स्नायूत जाणारे कॅल्शियम रोखून वाहिन्या सैल करणे. दोन्हींचे विघटनही मुख्यतः सीवायपी३ए४च करते. मग फरक कुठे पडतो? हिशेब मांडला तर तो दिसतो.

दहा मिलिग्रॅम फेलोडिपीन तोंडाने घेतले, तर आतडे आणि यकृत मिळून त्यातला बहुतेक भाग कापतात आणि सुमारे १५ टक्के, म्हणजे दीड मिलिग्रॅम, शरीरभर पोहोचते. ग्रेपफ्रूटने आतड्यातली कपात थांबवली आणि पोहोचणारे औषध २.८४ पट झाले, तर दीडचे सव्वाचार मिलिग्रॅम होतात. साडेचारपट वाढणाऱ्या माणसात ते सातच्या घरात जाते. वाढायला जागाच इतकी आहे.

अ‍ॅम्लोडिपीनचे तसे नाही. ते या पहिल्या फेरीत फारसे कापलेच जात नाही. तोंडाने घेतलेल्या मात्रेपैकी ६४ ते ९० टक्के औषध रक्तात उतरते. दहा मिलिग्रॅमपैकी कमीत कमी ६.४ मिलिग्रॅम आधीच पोहोचत असेल, तर सगळी कपात थांबवूनही ते दहाच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे वाढीची कमाल मर्यादा सुमारे दीडपट. ज्याच्यात नऊ मिलिग्रॅम पोहोचतात, त्याच्यात तर एक दशांशाची वाढसुद्धा कठीण. शिवाय हे औषध शरीरातून सावकाश जाते. त्याचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला ३० ते ५० तास लागतात, आणि हे संथ विघटन यकृतात चालते, जिथे रसाचा हात पोहोचत नाही.

प्रयोगांनीही हेच दाखवले. १९९६मधल्या एका अभ्यासात ग्रेपफ्रूटच्या रसासोबत अ‍ॅम्लोडिपीन सुमारे १६ टक्क्यांनी वाढले. रक्तदाब आणि नाडीत नोंद घेण्याजोगा फरक पडला नाही. २०००मध्ये वीस निरोगी पुरुषांना रोज २४० मिलिलिटर रस आणि दहा मिलिग्रॅमची एक मात्रा देऊन पाहिले, तेव्हा लक्षणीय वाढ आढळली नाही. अमेरिकेच्या पत्रकात अशा सरासरीवर भर आहे. ब्रिटनचे पत्रक 'काही रुग्णांत' म्हणत सरासरीबाहेरच्या माणसांचा विचार करते. चाचण्यांतले लोक निरोगी होते. वयस्कर, यकृत थकलेले, दिवसाला पाच औषधे घेणारे नव्हते. यकृतातलेच विकर दाबणारे औषध सोबत आले, तर अ‍ॅम्लोडिपीनही वाढते. डिल्टियाझेमसोबत वयस्कर रुग्णांत ते सुमारे ६० टक्क्यांनी वाढल्याचे त्याच्या पत्रकातच नोंदलेले आहे.

घोटाळा होतो तो 'रक्तदाबाची गोळी' या एकाच नावाखाली सगळ्या गोळ्या धरल्या की. निफेडिपीनमध्ये १९९१च्या त्याच अभ्यासात वाढ सुमारे एक तृतीयांश होती. निसोल्डिपीनचे जेमतेम ५ टक्के शरीरात पोहोचते, त्यामुळे तिथे वाढ मोठी. भारतात बरीच लिहून दिली जाणारी सिल्निडिपीन ही गोळी मूळची जपानची, आणि तिथल्या पत्रकात ग्रेपफ्रूटचा इशारा आहे. डॉक्टरांनी पाय सुजतात म्हणून अ‍ॅम्लोडिपीन बदलून सिल्निडिपीन दिली, तर फळाबद्दलचा जुना दिलासा नव्या गोळीला लागू होत नाही.

महाराष्ट्रात ग्रेपफ्रूट बाजारात क्वचितच दिसते, आणि नावात ग्रेप असले तरी त्याचा द्राक्षांशी संबंध नाही. इथे विचार करायचा तो पपनसाचा. गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारे, गोव्यात माटोळीला टांगले जाणारे हे थोराड फळ ग्रेपफ्रूटचे जन्मदाते आहे. पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून वेस्ट इंडीजमध्ये ग्रेपफ्रूट जन्मले. पपनसातही फ्युरॅनोकुमॅरिन असतात, जातीनुसार कमी-जास्त. जपानमध्ये पपनस खाल्ल्यावर टॅक्रोलिमस या औषधाची पातळी वाढलेल्या, अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाची नोंद आहे. मोसंबी आणि संत्र्यात ही द्रव्ये तशी नसतात, त्यामुळे अ‍ॅम्लोडिपीन किंवा फेलोडिपीन घेणाऱ्याला त्यांची या कारणाने भीती नाही.

पण मोसंबी-संत्र्याची गोष्ट तिथे संपत नाही. अ‍ॅम्लोडिपीन आणि अ‍ॅटेनोलोल एकत्र असलेली गोळी भारतात सर्रास मिळते. फिनलंडमधल्या एका अभ्यासात, दिवसातून तीनदा संत्र्याचा रस घेणाऱ्यांच्या रक्तात अ‍ॅटेनोलोल सुमारे ४० टक्क्यांनी कमी पोहोचले. इथे विकराचा प्रश्न नाही. औषध आतड्यातून शोषलेच कमी जाते. म्हणजे एकाच गोळीतल्या एका घटकाला रस चालतो, दुसऱ्याला तो मागे खेचतो. जोडगोळी घेणाऱ्याने ती पाण्यासोबत घ्यावी हे त्याचे सरळ उत्तर.

पपनसाच्या बाबतीत अधिक जपायचे ते अ‍ॅम्लोडिपीनसोबत बहुधा रात्री घेतल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या गोळीला. सिमव्हास्टॅटिनचे फार थोडे औषध रक्तात पोहोचते, आणि रोज एक पेला ग्रेपफ्रूटच्या रसाने ते साडेतीनपटीहून अधिक वाढल्याचे आढळले आहे. स्नायू दुखणे, अशक्तपणा आणि गडद लघवी ही त्याच्या अतिरेकाची खूण. त्यातून अ‍ॅम्लोडिपीनसुद्धा सिमव्हास्टॅटिनचे प्रमाण वाढवते. म्हणून २०११मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन्ही एकत्र घेणाऱ्यांसाठी सिमव्हास्टॅटिनची मर्यादा रोज २० मिलिग्रॅम ठरवली. रोझुव्हास्टॅटिनला हे विकर फारसे लागत नाही, त्यामुळे ती या साखळीबाहेर राहते.

अ‍ॅम्लोडिपीन जास्त झाल्याची लक्षणे वेगळी असतात: संध्याकाळी घोट्यांना सूज, चेहरा लाल होणे, डोके दुखणे, उठताना गरगरणे. सूज मात्रेनुसार वाढते. पत्रकातल्या चाचण्यांत पाच मिलिग्रॅमवर ती ३ टक्के रुग्णांना, तर दहा मिलिग्रॅमवर १०.८ टक्के रुग्णांना आली. त्यामुळे घोटे सुजले की फळाला दोष देण्याआधी नुकतीच मात्रा वाढली का आणि कुठले नवे औषध सुरू झाले, हे डॉक्टरांना सांगणे जास्त उपयोगाचे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आणि दुकानात पपनस घेण्याआधी पाहायचे ते स्ट्रिपवरचे ब्रँडचे नाव नाही, त्यासोबत छापलेले घटकांचे नाव.