दाबाखालचा शून्य: वणी पट्ट्यातल्या एका बॉयलरवरची फर्स्ट शिफ्ट

सकाळी ६.००
यवतमाळ जिल्ह्याच्या वणी भागात मे महिन्यात सूर्य वर येण्याआधीच कामाला लागावं लागतं. नऊनंतर उन्हात तापलेल्या ट्रान्समीटरचा झिरो उष्णतेनेही हलतो. मग दाबाचा परिणाम कोणता आणि उन्हाचा कोणता, हे वेगळं काढता येत नाही.

डेस्कवरच्या साहेबांनी रात्रीचा ट्रेंड दाखवला. "रात्री लोड कमी होता, तेव्हा बघा. स्टीम १५.३ टन आणि फीडवॉटर १५.० टन. दिवसा मात्र दोन्ही जुळतात."

रात्रभर ड्रमची पातळी स्थिर होती, ब्लोडाउन आणि स्प्रे बंद होते. आत गेलेल्या पाण्यापेक्षा जास्त वाफ बाहेर कशी येईल? फरक फक्त कमी लोडवर दिसतो, म्हणून माझा पहिला संशय स्टीम फ्लोच्या डी.पी. ट्रान्समीटरच्या झिरोवर गेला.

६.३०
आधी कागदावर हिशोब केला. ५० टनांना २५०० मि.मी. पाण्याइतकी डी.पी. येते. फ्लो हा डी.पी.च्या वर्गमुळावर चालतो, त्यामुळे १५ टनांना २२५ मि.मी.च मिळतात. त्यात १० मि.मी. जास्तीचे मिसळले, तर २३५ मि.मी.चे १५.३ टन होतात. ५० टनांवर तेच १० मि.मी. मिसळले, तर ५०.१ दिसेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

७.००
परमिट घेतलं. ड्रम लेव्हलच्या कंट्रोलमध्ये हा स्टीम फ्लो वापरला जातो, म्हणून डेस्कने लूप मॅन्युअलवर घेतला.

७.१५
मॅनिफोल्डला तीन व्हॉल्व्ह आहेत: हाय, लो आणि मधला इक्वलायझर. आधी लो बंद केला, मग इक्वलायझर सावकाश उघडला. हाय उघडाच ठेवला. आता लाइनचा ६५ किलोचा दाब सेलच्या दोन्ही बाजूंना सारखाच लागलेला, म्हणजे डी.पी. शून्य.

सोबतचा पोरगा लोच्या हँडलकडे हात नेऊ लागला. त्याला थांबवून सांगितलं, "तिन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे ठेवायचे नाहीत. लाइनमधलं साचलेलं पाणी हायकडून लोकडे वाहून जातं, मागून वाफ थेट सेलपर्यंत येते आणि सेल जातो."

आकडा स्थिरावू दिला. मीटरवर ४.०६ मिलिअँपिअर आले आणि कम्युनिकेटरवर १० मि.मी.

७.३०
इथे घाई करून झिरो ट्रिम करायचा नसतो. लो व्हॉल्व्ह पासिंग असेल, तर इक्वलायझरमधून थोडं पाणी वाहतं आणि खोटी डी.पी. दिसते. म्हणून हायही बंद केला. पासिंग असतं तर वाहणं थांबून आकडा खाली आला असता. तो १० वरच राहिला, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक आहेत.

७.४०
हातमोजे आणि चष्मा घालून, बाजूला उभं राहून दोन्ही व्हेंट हळूच सैल केले. दोन-चार थेंब आले आणि दाब उतरला. आकडा थेट शून्य, ४.०० मिलिअँपिअर.

दाबाखाली १० आणि दाबाविना शून्य, हीच स्टॅटिक प्रेशर शिफ्टची खूण. दोन्ही वेळा १० आले असते, तर बसवण्यातला तिरकेपणा किंवा साधा ड्रिफ्ट म्हणता आलं असतं. सेलच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. मोठा दाब आला की डायफ्राम, आतलं तेल आणि बॉडी दोन्हीकडे किंचित वेगळी दबतात. दाब वाढेल तशी ही शिफ्ट साधारण त्याच प्रमाणात वाढते. म्हणूनच बाकावर, दाबाविना केलेल्या कॅलिब्रेशनमध्ये ती दिसत नाही.

८.००
व्हेंट बंद केले आणि हाय सावकाश उघडला. इक्वलायझर उघडा आणि लो बंदच असल्यामुळे दोन्ही बाजू पुन्हा ६५ किलोवर आल्या. १० मि.मी. परत आले. याच अवस्थेत झिरो ट्रिम केला आणि ४.०० मिळाले. मग आधी इक्वलायझर बंद केला आणि शेवटी लो उघडला. डेस्कवर फ्लो आला, तो जुळल्यावर साहेबांनी लूप ऑटोवर घेतला.

८.३०
ट्रान्समीटरला टॅग बांधला: "झिरो ६५ किलोवर केला आहे. दाबाविना -१० मि.मी. दिसेल, ट्रिम करू नये." हा टॅग नसेल, तर शटडाउनमध्ये दुसरा कुणी -१० पाहून तो 'दुरुस्त' करील आणि रात्रीचा फरक पुन्हा सुरू होईल.

दुपारी १.३०
लॉगबुकात दोन्ही आकडे, दाब आणि वेळ लिहिली. सेलच्या माहितीपत्रकाप्रमाणे ७० किलोला वरच्या मर्यादेच्या ०.१ टक्का, म्हणजे जेमतेम ६ मि.मी. शिफ्ट चालते. इथे १० आहे, म्हणून पुढच्या शटडाउनमध्ये सेल बदलायची शिफारस केली. दाबामुळे स्पॅनही किंचित बदलतो, पण तो या तपासणीत कळत नाही. त्यासाठी दाबाखाली नेमकी डी.पी. देणारं साधन लागतं. फील्डमध्ये ते नसतं, म्हणून नोंदीत फक्त 'झिरो तपासला' एवढंच लिहिलं.