हप्ता झेपेल का, हे भांडवल खातं सांगतं

वसई पूर्वेला वालीव, सातिवलीच्या गाळ्यांतून कर्जाच्या ज्या फाइली येतात, त्यातल्या बऱ्याच एकाच मालकाच्या, म्हणजे प्रोप्रायटरी धंद्याच्या असतात. अशी फाइल तपासायला घेतली की मी विक्रीचा आकडा नंतर बघते. वर्षभरात हाताशी आलेला पैसा वर्षभराच्या हप्त्यांच्या किती पट आहे, ते आधी काढते. बँकेत याला डीएससीआर म्हणतात. उत्तर एकच्या खाली आलं तर हप्ता धंद्यातून सुटत नाही. सव्वाच्या आसपास आलं तर जेमतेम, दीड असेल तर तपासणारा निश्चिंत.

प्लास्टिकचे सुटे भाग काढणाऱ्या एका मोल्डिंगवाल्याची फाइल घ्या. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत. विक्री १ कोटी ४० लाख. नवं मशीन घ्यायला ३३ लाखांचं कर्ज हवं, पाच वर्षांसाठी, ११ टक्क्यांनी. हप्ता ७१,७५० रुपये, म्हणजे वर्षाला ८.६१ लाख.

नफा-तोटा पत्रकात निव्वळ नफा १३.६७ लाख. त्यात घसाऱ्याचे ४.१० लाख परत मिळवायचे, कारण घसारा खर्चात दिसतो पण खिशातून जात नाही. जुन्या मशीनच्या कर्जाचं व्याज ९० हजार, तेही मिळवायचं. ते कर्ज मार्चमध्ये फिटलं, त्यामुळे तेवढा पैसा आता नव्या हप्त्याला मोकळा आहे. कॅश क्रेडिटचं व्याज मात्र परत मिळवायचं नाही. ते खातं चालू राहणार आणि त्याचं व्याज दर महिन्याला लागणारच. घाईत व्याजाची पूर्ण ओळ उचलून बेरजेत टाकली जाते, ती चूक इथेच होते. बेरीज झाली १८.६७ लाख. भागिले ८.६१, उत्तर २.१७. दोनच्या वर! मालक खूश, त्यांचे अकाउंटंटही खूश.

पण मालकाचं घर कशावर चालतं? कंपनीत संचालकाचा पगार खर्चात धरलेला असतो. प्रोप्रायटरच्या नफ्यात त्याचा पगार नसतो. घरखर्च, मुलांची फी, विम्याचा हप्ता, आयकर हे सगळं ‘उचल’ म्हणून भांडवल खात्यात जातं, ताळेबंदाच्या मागच्या एखाद्या पानावर. इथे उचल ६.३० लाख होती. ती वजा केली की उरले १२.३७ लाख, गुणोत्तर १.४४. उचलीचा आकडा फारच लहान दिसला तर मी बचत खात्याचा उतारा मागते. नालासोपाऱ्यात भाड्याने राहणारं चौघांचं कुटुंब महिन्याला आठ हजारांत भागवतं, असं कागद सांगत असेल तर घर दुसऱ्या कुठल्या तरी पैशावर चाललेलं असतं, किंवा खर्च धंद्याच्या नावावर घातलेला असतो.

मग ‘इतर उत्पन्न’. जुनं मशीन विकून झालेला १.६० लाखांचा नफा तिथे होता. मशीन दरवर्षी विकलं जात नाही, म्हणून तोही वजा. उरले १०.७७ लाख, गुणोत्तर १.२५. पत्रकं तीच, एकही आकडा खोटा नाही, आणि उत्तर २.१७ वरून इथवर आलं.

आता हे १.२५ किती तकलादू आहे तेही पाहायला हवं. हप्ते भरून वर्षाला २.१६ लाख शिल्लक राहतात. या धंद्यात शंभराच्या विक्रीत ६५ रुपये दाणा, वीज अशा मालाबरोबर वाढणाऱ्या खर्चात जातात, ३५ उरतात. म्हणजे विक्री सव्वासहा लाखांनी, साडेचार टक्क्यांनी, घटली की शिल्लक संपली. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर हे साधारण १३ दिवसांचं काम. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, वीज बंद पडली, गाड्या थांबल्या. इथल्या गाळेवाल्याला १३ दिवस म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागत नाही.

नव्या मशीनमुळे विक्री वाढेल, हे मालकाचं म्हणणं खरं असू शकतं. पण ऑर्डर हातात नसताना मी ती वाढ धरत नाही. शिवाय येणी १८ लाखांवरून २६ लाखांवर गेली होती. नफा पत्रकात जमा होता, पैसे गिऱ्हाइकांकडे अडकलेले. डीएससीआरमध्ये हे दिसतच नाही, म्हणून शेजारी दोन वर्षांची येणी लिहूनच ठेवावी लागतात.

कर्ज नाकारायची वेळ आली नाही. मुदत सात वर्षांची केली की हप्ता ५६,५०० च्या आसपास येतो, वर्षाला ६.७८ लाख, आणि तेच १०.७७ लाख १.५९ पट होतात. त्यासाठी एकूण सुमारे ४.४ लाख रुपये जास्त व्याज जातं. मालकाला ते खटकलं, पण माझ्या मते या धंद्याला पाच वर्षांचा हप्ता झेपणारा नव्हता. शिफारस सात वर्षांची केली, आणि मुदतीआधी फेडल्यास दंड लागतो का, ते करारात वाचूनच सही करा, असं त्यांना सांगितलं.