चामड्याच्या बुटांवरची बुरशी आणि सकाळचा खोकला: पावसाळ्यात कपाट कसे सांभाळावे

जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे येणाऱ्या दम्याच्या आणि सर्दीच्या रुग्णांना मी एक प्रश्न हमखास विचारतो: घरात कुठले कपाट उघडले की कुबट वास येतो का? बरेच जण हो म्हणतात, आणि पुढे सांगतात की आत ठेवलेल्या लग्नातल्या बुटांवर किंवा चामड्याच्या पर्सवर पांढरी-हिरवट बुरशी आली आहे. वस्तू खराब झाल्याचे दुःख असतेच. पण ज्या घरात दमा, ॲलर्जीची सर्दी किंवा लहान बाळ आहे, तिथे हा आरोग्याचाही प्रश्न असतो. ही बुरशी टाळता येते, मात्र त्यासाठी ती का येते हे नीट समजले पाहिजे.

बुरशी का येते?

बुरशीचे सूक्ष्म कण, म्हणजे बीजाणू, हवेत सगळीकडे असतात. आपल्या बुटांवर ते बाराही महिने बसलेले असतात. उन्हाळ्यात ते उगवत नाहीत, कारण त्यांना पाणी मिळत नाही. चामड्यात त्यांच्यासाठी खाद्य भरपूर असते: प्रथिने, चामडे मऊ ठेवण्यासाठी मुरवलेली तेले, वरून लावलेले पॉलिश आणि आतल्या अस्तरात जिरलेला घाम. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 70 टक्क्यांच्या वर जाऊन काही दिवस तशीच राहिली की चामडे सादळते आणि बीजाणू उगवू लागतात.

आता प्रश्न असा, की खोली ठीक वाटत असताना कपाटातच बुरशी का येते? कारण कपाटाची मागची बाजू बहुधा बाहेरच्या भिंतीला टेकलेली असते. पावसाने भिजलेली भिंत खोलीपेक्षा दोन-तीन अंश थंड असते. हवा थंड झाली की तिची पाणी धरून ठेवण्याची क्षमता कमी होते. खोलीत 28 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा 25 अंशांच्या भिंतीजवळ पोचल्यावर तिची आर्द्रता 95 टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून बुरशी आधी खालच्या कप्प्यात, मागच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटलेल्या वस्तूंवर दिसते. त्यात दिवसभर घातलेले, घामाने ओलसर बूट तसेच आत ठेवले की ती बंद जागा आणखी दमट होते.

एका घराचे उदाहरण

ठाण्याच्या एका चाळीतल्या अडतीस वर्षांच्या गृहिणीचा दमा एरवी आटोक्यात असे. जुलैच्या मध्यापासून मात्र रोज सकाळी शिंका, खोकला आणि छातीत घरघर सुरू झाली. विचारल्यावर लक्षात आले, की रोज सकाळी त्या यजमानांचे ऑफिसचे बूट कपाटातून काढून, कोरड्या फडक्याने झटकून देत. त्यानंतर अर्ध्या तासात त्रास सुरू होई. रविवारी बूट निघत नसत आणि सकाळ बरी जाई.

मी त्यांना काहीशे रुपयांत मिळणारा छोटा डिजिटल आर्द्रतामापक घ्यायला सांगितले. खोलीत 76 टक्के आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात 84 टक्के असा आकडा आला. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले होते, आणि बूट दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले होते.

त्यांनी चार गोष्टी केल्या. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ओढले. बूट आणि पर्स सर्वांत खालच्या कप्प्यातून मधल्या कप्प्यात हलवले. प्लास्टिक काढून जुन्या सुती साडीच्या पिशव्या शिवल्या. आणि रोजचे बूट कपाटात न ठेवता दाराजवळच्या उघड्या फळीवर ठेवायला सुरुवात केली. दहा दिवसांनी कपाटातला आकडा 68 वर आला आणि नवी बुरशी दिसली नाही. त्यांचा त्रासही कमी झाला. याच काळात त्यांची इन्हेलर वापरण्याची पद्धतही आपण सुधारली होती, त्यामुळे सगळे श्रेय कपाटाला देता येणार नाही. पण बूट झटकणे थांबल्यावर सकाळची घरघर थांबली, हे त्यांनी स्वतः पाहिले.

बूट आणि बॅग आत ठेवण्यापूर्वी

सर्वांत महत्त्वाचा नियम हा, की ओलसर चामडे कपाटात जाऊ देऊ नये. दिवसभर घातलेला बूट वरून कोरडा दिसला, तरी त्याच्या अस्तरात घाम असतो. तो किमान एक रात्र, शक्य असल्यास 24 तास, पंख्याखाली उघडा ठेवावा. आतला सुटा तळवा निघत असेल तर तो वेगळा वाळवावा. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि ते ओले झाले की बदलावेत. आतले अस्तर फिकट रंगाचे असेल तर छापील कागदाऐवजी साधा कागद घ्यावा, नाहीतर शाईचे डाग पडतात. कडक उन्हात किंवा गॅसजवळ वाळवू नये, त्याने चामडे ताठर होऊन तडकते. दोन जोड असतील तर ते आलटून पालटून वापरावेत.

पावसाळ्याआधी बॅग आणि बूट पुसून, पूर्ण वाळवून मगच पॉलिश करावे, आणि तेही पातळ. जाड थर म्हणजे बुरशीला जास्त खाद्य.

कपाट कधी उघडे ठेवावे, याबद्दल गैरसमज आहे. मुसळधार पावसात खिडकी आणि कपाट दोन्ही उघडे ठेवले, तर बाहेरची दमट हवाच आत येते. उघडीप असेल त्या दुपारी, पंखा लावून अर्धा-एक तास दारे उघडावीत. घरात एसी असेल तर खिडक्या बंद करून तो ड्राय मोडवर चालू असताना कपाट उघडणे जास्त उपयोगी पडते.

डांबराच्या गोळ्या आणि कापूर उपयोगी आहेत का?

डांबराच्या गोळ्या आणि कापूर हवेतले पाणी शोषत नाहीत. त्यांच्या वासाने कुबटपणा झाकला जातो, ओल तशीच राहते. शिवाय त्यांचे धोके आहेत. काही मुलांमध्ये जी-सिक्स-पी-डी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असते. अशा बाळाला डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलेले कपडे घातले किंवा पांघरूण दिले, तर रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. कापूर लहान मुलाने गिळला तर थोड्या वेळात झटके येऊ शकतात. घरात लहान मूल असेल तर या दोन्ही गोष्टी कपाटात ठेवूच नयेत.

ओल शोषते ते सिलिका जेल. पण नव्या पर्समध्ये येणारी काही ग्रॅमची पुडी अख्ख्या कपाटाला पुरत नाही. दार उघडले की नवी हवा येते, आणि लाकूड व कपड्यांमध्येही पाणी असतेच. सिलिका जेल खरे काम करते ते घट्ट झाकणाच्या डब्यात. क्वचित वापरायची चामड्याची पर्स पूर्ण वाळवून, साधारण 40 लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यात 100 ते 150 ग्रॅम सिलिका जेलसह ठेवावी. आर्द्रतामापक आतच ठेवावा. आकडा 50 ते 60 टक्क्यांमध्ये असला की पुरे. 65 च्या वर जाऊ लागला की जेल बदलावे किंवा पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे वाळवावे. निळ्या रंगाच्या जेलमध्ये बऱ्याचदा कोबाल्ट असते, म्हणून नारिंगी किंवा पांढरे घ्यावे. जेलविना बंद प्लास्टिक मात्र वाईटच, कारण आतली ओल आतच कोंडते.

बाजारात पाणी साठवणारे डबेही मिळतात. त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असते. ते ओल चांगली शोषतात, पण खाली साचणारे खारे पाणी चामड्यावर सांडले तर डाग पडतात आणि मुलांच्या हाती लागले तर त्वचेला इजा होते. ते सरळ आणि बुटांपासून दूर ठेवावेत.

बुरशी आलीच असेल तर

आधी ती बुरशीच आहे का, हे पाहा. काही वेळा चामड्यातली चरबी वर येऊन पांढरट थर दिसतो. हेअर ड्रायरची कोमट हवा दुरून दिली की तो वितळून नाहीसा होतो आणि त्याला कुबट वास नसतो. बुरशी लवदार, ठिपक्याठिपक्यांची असते आणि कोमट हवेने जात नाही.

दमा, ॲलर्जी किंवा श्वासाचा जुना आजार असलेल्या, केमोथेरपी सुरू असलेल्या, अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या व्यक्तीने हे काम करू नये, आणि ते सुरू असताना जवळही थांबू नये. इतरांनी एन-95 मास्क आणि हातमोजे घालून गॅलरीत किंवा गच्चीत करावे. रुमाल बांधणे पुरेसे नाही.

झटकू नये, ब्रशने घासू नये. त्याने बीजाणू हवेत उडतात. किंचित ओलसर फडक्याने बुरशी हलकेच टिपून घ्यावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. मग औषधाच्या दुकानातले सर्जिकल स्पिरिट आणि तितकेच पाणी यांत दुसरे फडके भिजवून, घट्ट पिळून पुसावे. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर रंग जातो का ते तपासावे. स्पिरिट पेटते, त्यामुळे जवळ गॅस किंवा दिवा नसावा. मखमली चामड्यावर हे वापरू नये. ब्लीच तर कुठल्याच चामड्यावर नको. अस्तर आणि तळवेही पुसावेत. नंतर सावलीत, पंख्याखाली दोन दिवस वाळवावे. तोवर रिकामे कपाट साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडे करावे, नाहीतर आठवड्याभरात बुरशी पुन्हा येते. अस्तरात खोलवर मुरलेली बुरशी आणि तिचा वास पुष्कळदा जात नाही. घरात दम्याचा रुग्ण असेल तर असा बूट टाकून देणे बरे.

रुग्ण नेहमी विचारतात

*ही म्हणजे कोरोनाच्या काळातली काळी बुरशी का?* नाही. तो आजार म्युकर गटाच्या बुरशीचा होता आणि प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडच्या वापराशी जोडलेला होता. चामड्यावर सहसा ॲस्परजिलस किंवा पेनिसिलियम गटातली बुरशी असते. निरोगी माणसाला तिचा मुख्य त्रास ॲलर्जीचाच.

*यामुळे पायाला चिखल्या होतात का?* चिखल्या करणारी बुरशी वेगळी, ती आपल्या त्वचेवर जगते. पण ओलसर बूट तिलाही मदत करतात. मधुमेह असेल तर बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात.

डॉक्टरांकडे कधी जावे?

कपाट साफ करूनही खोकला दोन आठवडे टिकला, रात्री धाप लागून जाग येऊ लागली किंवा आराम देणारा इन्हेलर आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागू लागला, तर तपासून घ्या. बोलताना दम लागत असेल, ओठ निळे पडत असतील किंवा इन्हेलरने आराम मिळत नसेल, तर त्याच वेळी रुग्णालयात जा. आणि घरातली ओल कमी झाली, बरे वाटू लागले, म्हणून रोजचा इन्हेलर स्वतःहून बंद करू नका.